अग्रवालच्या आधी सातवीचे पुस्तक

एमबीएची सीईटी द्यायचे ठरले की राधानगरीतून कोल्हापूरला जाणारा मुलगा किंवा मुलगी येताना पिशवीत साधारण तीच पुस्तके घेऊन येते. आर. एस. अग्रवाल यांचे जाडजूड ‘क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूड’, त्यांचेच रीझनिंगचे तितकेच जाड पुस्तक, आणि दुकानदाराने आग्रह केला असेल तर अरुण शर्मा किंवा ‘क्वांटम कॅट’. महिनाभराने पाहिले तर पहिल्या पुस्तकातल्या ‘नंबर सिस्टिम’ या प्रकरणाची पाने चुरगळलेली असतात आणि पुढचे सगळे पुस्तक कोरे असते. पुस्तके चांगलीच आहेत. पण दहावीनंतर ज्याने गणिताकडे पाठ फिरवली आणि बीए किंवा बीकॉम केले, त्याच्यासाठी ती पहिली पुस्तके नाहीत. हा लेख अशाच वाचकासाठी आहे. आधीपासून गणित बरे असलेल्याने सरळ अग्रवाल उघडावे.

पुस्तके निवडण्याआधी पेपर कसा आहे ते पाहू. राज्याच्या सीईटी कक्षाकडून घेतली जाणारी एमबीए-एमएमएसची परीक्षा आजवर २०० प्रश्नांची आणि १५० मिनिटांची राहिली आहे. त्यात लॉजिकल रीझनिंगचे ७५ प्रश्न, अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. नमुना बदलू शकतो, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका cetcell.mahacet.org वर जाऊन स्वतः वाचावी, कुणाच्या सांगण्यावर राहू नये. या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. निम्मा पेपर तर्काचा आहे आणि त्याला शाळेतले गणित फारसे लागत नाही. दुसरी गोष्ट, एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद मिळतात. म्हणजे ज्याला ३/८ म्हणजे किती टक्के हे कागदावर भागाकार करून काढावे लागते, त्याचा वेळ प्रश्न समजून घेण्याआधीच संपतो. कच्चा पाया म्हणतात तो हा. अवघड सूत्रे येत नाहीत ही खरी अडचण नसते. अपूर्णांक, गुणोत्तर आणि टक्के यांत हात अडखळतो, ही असते.

तो कुठे अडखळतो हे शोधायला बालभारतीची सातवी आणि आठवीची गणिताची पुस्तके पुरतात. दोन्हींत ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ आहेत. एका बैठकीत, उत्तरे न पाहता, ते सोडवावेत आणि चुकलेल्या प्रत्येक उदाहरणापुढे तीनपैकी एक अक्षर लिहावे. प्रश्नाचा अर्थच लागला नसेल तर ‘अ’, रीत सुचली नसेल तर ‘र’, रीत बरोबर असून आकडेमोड चुकली असेल तर ‘आ’. पुष्कळांना वाटते की आपले ‘र’ सर्वांत जास्त निघतील. प्रत्यक्षात पदवीधर माणसाच्या वहीत ‘आ’ची गर्दी होते. वजा चिन्ह सुटते, कंचेभागुबेवचा क्रम चुकतो, अपूर्णांकांच्या बेरजेत छेद सारखे करायचे राहून जाते. याला सूत्रांचे पुस्तक काहीच करू शकत नाही.

मग ही शालेय पुस्तके पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत करायची का? अजिबात नाही. भौमितिक रचना, समांतर रेषा, त्रिकोणांची एकरूपता हे सगळे सोडून द्यावे. सहावीतून अपूर्णांक, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी आणि नफा-तोटा घ्यावा. सातवीतून मसावि-लसावि, परिमेय संख्यांवरील क्रिया, समप्रमाण-व्यस्तप्रमाण आणि सरळव्याज. आठवीतून चलन, सूट व कमिशन, एका चलातील समीकरणे आणि चक्रवाढव्याज. नववी-दहावीतून दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि संभाव्यतेचे प्रकरण. रोज दीड तास दिला तर हे पाच-सहा आठवड्यांत उरकते. पुस्तके बालभारतीच्या ebalbharati.in या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट मिळतात. नाहीतर घरात किंवा शेजारी कुणाची तरी जुनी प्रत असतेच. धाकट्या भावंडांसमोर सातवीचे पुस्तक उघडायला लाज वाटते, हे मी पाहिले आहे. त्यावर उपाय म्हणून बालभारतीच्या पुस्तकाला कव्हर घालणारेही पाहिले आहेत. हरकत नाही, कव्हर घाला.

या पुस्तकांचा आणखी एक उपयोग आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. सीईटीचा पेपर इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातल्या मुलाच्या चुकलेल्या उदाहरणांपुढे जे ‘अ’ पडतात, ते पुष्कळदा गणिताचे नसून इंग्रजी वाक्याचे असतात. ‘अ‍ॅट लीस्ट’, ‘नॉट मोअर दॅन’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘ट्वेंटी पर्सेंट लेस दॅन’ यांत तो फसतो. बालभारतीची इंग्रजी माध्यमाची आवृत्ती मराठी आवृत्तीच्या जोडीने चालते. प्रकरणे तीच, सरावसंच तेच, उदाहरणेही तीच. त्यामुळे शेकडेवारीचे प्रकरण आधी मराठीतून सोडवावे आणि दोन दिवसांनी तोच सरावसंच इंग्रजी पुस्तकातून वाचावा, उत्तर काढायला नव्हे, तर कोणत्या मराठी वाक्याला तिथे कोणते वाक्य वापरले आहे ते पाहायला. अनोळखी वाक्यरचना एका वहीत उतरवून ठेवाव्यात. पन्नास-साठ रचना झाल्या की अग्रवालांचे पुस्तक परके वाटेनासे होते.

शेकडेवारी पक्की झाली की नाही, हे ओळखण्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो. ‘अ’चा पगार ‘ब’च्या पगारापेक्षा २५ टक्के जास्त आहे, तर ‘ब’चा पगार ‘अ’पेक्षा किती टक्के कमी? जो पटकन ‘२५’ म्हणतो, त्याला टक्का कशाचा हे अजून कळलेले नाही. जो पगार १०० धरून १२५ करतो आणि २५ भागिले १२५ लिहून २० काढतो, त्याला कळले आहे. आणि जो २५ टक्के जास्त म्हणजे ५/४, उलटे केले की ४/५, म्हणजे १/५ कमी, म्हणजे २० टक्के असे तोंडी म्हणतो, तो पुढच्या पुस्तकाला तयार आहे. या तिसऱ्या पायरीसाठी १/२ पासून १/१२ पर्यंतच्या अपूर्णांकांचे टक्के पाठ असावे लागतात. १/६ म्हणजे १६.६७, १/७ म्हणजे १४.२९, १/८ म्हणजे १२.५, १/९ म्हणजे ११.११. आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दीडकी पाठ असे, ते काही हौसेने नव्हे.

आता अग्रवाल. या पुस्तकाची बांधणी अशी आहे की प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला महत्त्वाच्या गोष्टी आणि सूत्रे, मग सोडवलेली उदाहरणे, मग पर्यायांचे प्रश्न, शेवटी उत्तरे आणि स्पष्टीकरणे. कच्च्या पायाचा वाचक सोडवलेली उदाहरणे कादंबरीसारखी वाचून काढतो आणि सगळे समजले असे त्याला वाटते. तसे करू नये. उत्तराच्या भागावर कोरा कागद ठेवावा, उदाहरण स्वतः सोडवावे, अडले तर कागद एक ओळ खाली सरकवावा. सराव प्रश्नांपैकी सगळे सोडवण्याची गरज नाही. प्रश्न मोठ्या संख्येने आहेत आणि बरेचसे एकाच साच्याचे. दर तिसरा प्रश्न घ्यावा. पहिल्या फेरीत दहापैकी आठ बरोबर आले तर पुढे जावे, सहा आले तर उरलेल्यांतले आणखी वीस करावेत, चारच आले तर शालेय पुस्तकातल्या त्याच प्रकरणाकडे परत जावे. आणि कृपा करून ‘नंबर सिस्टिम’पासून सुरुवात करू नये. ते पुस्तकात पहिले असले तरी सोपे नाही. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, काळ-काम, काळ-वेग, व्याज आणि मग आलेखांवरचे प्रश्न, असा क्रम लावावा.

सूत्रांच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. पहिल्या वाचनात सूत्रांची चौकट झाकून ठेवावी. टाक्या आणि नळांचे प्रकरण घेऊ. बारा तासांत भरणारा एक नळ, पंधरा तासांत भरणारा दुसरा आणि वीस तासांत रिकामा करणारा तिसरा, तिन्ही एकदम सुरू केले तर टाकी किती वेळात भरेल, असा प्रश्न येतो. सूत्रवाला १/१२ + १/१५ − १/२० लिहितो आणि अपूर्णांकांत अडकतो. त्यापेक्षा १२, १५ आणि २० यांचा लसावि ६० काढावा आणि टाकी ६० भांड्यांची आहे असे समजावे. पहिला नळ तासाला ५ भांडी घालतो, दुसरा ४ घालतो, तिसरा ३ काढतो. तासाला निव्वळ ६. साठ भागिले सहा, दहा तास. सातवीतला लसावि इथे कामाला येतो, सूत्राची आठवण लागत नाही.

हेच गणित राधानगरीकराला दर पावसाळ्यात बातमीत दिसते. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एक उघडला की १४२८ क्युसेक विसर्ग होतो आणि वीजगृहातून १५०० क्युसेक सोडले जाते, असे आकडे वाचनात येतात. धरणाची साठवण क्षमता सुमारे ८.३६ टीएमसी. सातही दरवाजे आणि वीजगृह सुरू आहे, पाऊस पूर्ण थांबला आहे आणि विसर्ग तसाच राहतो असे मानले, तर भरलेले धरण रिकामे व्हायला किती दिवस? इथे कच्चा विद्यार्थी ७ गुणिले १४२८ करायला बसतो, मग ८६,४०० ने गुणतो, आणि शून्ये मोजताना हरवतो. अंदाजाने करू. सात वेळा १४२८ म्हणजे दहा हजाराला चार कमी, त्यात १५०० मिळवले की साधारण ११,५०० घनफूट दर सेकंदाला. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार येतो सुमारे ९९ कोटी ३६ लाख घनफूट. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. म्हणजे दिवसाला जवळजवळ एक टीएमसी पाणी जाते आणि उत्तर साडेआठ दिवसांच्या आत. पर्यायांत ५, ८.४, १४ आणि २२ असतील तर याहून जास्त आकडेमोड करायचे कारणच नाही. आता याच प्रश्नात आवक विसर्गाच्या निम्मी आहे असे म्हटले, तर निव्वळ अर्धा टीएमसी रोज कमी होतो आणि दिवस दुप्पट होतात. खऱ्या धरणात पातळी उतरली की स्वयंचलित दरवाजे आपोआप बंद होतात, त्यामुळे धरण असे रिकामे होत नाही; पण परीक्षेतला नळ कायम एकाच वेगाने वाहतो. त्याने तसे वाहावे हीच परीक्षेची अट असते.

रोजच्या वर्तमानपत्रातले असे दोन-तीन आकडे घेऊन अंदाज काढायची सवय लावली तर आलेख आणि तक्त्यांवरच्या प्रश्नांसाठी वेगळे पुस्तक लागत नाही. अग्रवालांच्या पुस्तकाचा दुसरा भाग याच प्रश्नांचा आहे आणि तो पुरतो. तिथे बिनचूक उत्तरापेक्षा कोणते दोन पर्याय लगेच बाद होतात, हे आधी पाहावे.

मराठीतून वाचायचे असेल तर पंढरीनाथ राणे किंवा सतीश वसे यांची स्पर्धा परीक्षांची गणिताची पुस्तके राज्यसेवा आणि पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्यांकडे सहज मिळतात. संकल्पना समजायला ती चालतात. पण त्यांतच रमू नये. शेवटी प्रश्न इंग्रजीत वाचायचा आहे, आणि दोन-तीन लेखकांच्या युक्त्या एकमेकींत मिसळल्या की परीक्षेत एकही आठवत नाही.

रीझनिंगकडे वळू. शंभर प्रश्नांचा हा भाग आहे, तरी गणिताच्या भीतीने विद्यार्थी तो शेवटी ठेवतात. तो पहिल्या दिवसापासून रोज एक तास करावा. आकृत्यांसाठी अग्रवालांच्या रीझनिंगच्या पुस्तकातला नॉन-व्हर्बल भाग पुरेसा आहे, त्यातही मालिका, सादृश्य आणि गटात न बसणारी आकृती ही प्रकरणे आधी. शालेय शिष्यवृत्ती परीक्षेची बुद्धिमत्ता चाचणीची पुस्तके घरात असतील तर त्यांतल्या आकृत्यांपासून सुरुवात केली तरी चालेल. प्रत्येक आकृतीत एका वेळी एकच गोष्ट पाहायची. आधी बाण किती अंशांतून फिरला, मग ठिपके किती वाढले, मग काळे-पांढरे कसे बदलले. सगळे एकदम पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

विधान आणि अनुमान, गृहीतके, युक्तिवाद या प्रश्नांसाठी एम. के. पांडे यांचे ‘अ‍ॅनालिटिकल रीझनिंग’ हे पुस्तक अग्रवालांपेक्षा सरस आहे, कारण ते उत्तरामागचे कारण सावकाश सांगते. मात्र इंग्रजी बरे झाल्यावरच ते हाती घ्यावे. बैठक व्यवस्था आणि कोडी यांच्याबाबत अग्रवाल कमी पडतात. सीईटीत येणारी कोडी बँक परीक्षांच्या कोड्यांसारखी असतात, आणि त्यासाठी बँकांच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा कोणताही संच अधिक उपयोगी पडतो.

कोडे सोडवताना कुठली अट आधी लावायची, यावर सगळा वेळ ठरतो. पाच जण उत्तरेकडे तोंड करून एका रांगेत बसले आहेत. अजित डाव्या टोकाला नाही. चैत्राली दीपाच्या लगेच उजवीकडे आहे. ईशान कोणत्याही टोकाला नाही. बाळू बरोबर मध्ये आहे. नवखा माणूस पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो आणि अजितसाठी चार जागा मांडतो. त्याऐवजी चारही वाक्ये वाचून जागा पक्की सांगणारे वाक्य शोधावे. बाळू तिसरा, ते पक्के. मग जोडी सांगणारे वाक्य. दीपा-चैत्राली या जोडीला पहिली-दुसरी किंवा चौथी-पाचवी एवढ्याच जागा उरतात. दोन्ही शक्यता कागदावर एकाखाली एक लिहाव्यात, एक मनात ठेवू नये. ईशान टोकाला नाही, म्हणून पहिल्या शक्यतेत तो चौथा आणि अजित पाचवा, दुसरीत ईशान दुसरा आणि अजित पहिला. नकार सांगणारे वाक्य शेवटी लावायचे. अजित डाव्या टोकाला नाही, त्यामुळे दुसरी शक्यता खोडली जाते. डावीकडून दीपा, चैत्राली, बाळू, ईशान, अजित. यात कोणतेही सूत्र नाही. पण पंधरा-वीस कोडी अशी मांडल्याशिवाय हा क्रम हातात बसत नाही, आणि सोडवलेली कोडी नुसती वाचून तर कधीच बसत नाही.

आवृत्त्यांविषयी दोन शब्द. अंकगणितासाठी अग्रवालांची दहा वर्षे जुनी प्रत चालते. टक्क्यांचे गणित बदललेले नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानातली प्रत घेताना उत्तरांची पाने फाटलेली नाहीत ना आणि आधीच्या मालकाने पेनने पर्यायांवर खुणा केलेल्या नाहीत ना, एवढे पाहावे. खुणा असतील तर ती प्रत सरावाला निरुपयोगी. झेरॉक्स किंवा नकली प्रती घेऊ नयेत. त्यांत घातांक आणि दशांश चिन्हे पुसट होतात आणि तुम्ही तास-दीड तास स्वतःची नसलेली चूक शोधत बसता. मूळ प्रतीतही कधी उत्तर चुकीचे छापलेले असते. आपले उत्तर आणि छापलेले उत्तर जुळत नसेल तर दोन्ही प्रश्नात घालून पाहावीत. दहा मिनिटांत निकाल लागला नाही तर प्रश्न सोडून द्यावा.

कोल्हापूरच्या क्लासला रोज एसटीने जाणाऱ्यांना एक सांगायचे आहे. जाणे-येणे मिळून तीनएक तास जातात. क्लास लावायचाच तर तो पायाची प्रकरणे घरी झाल्यावर, शेवटच्या तीन महिन्यांत, सराव परीक्षांसाठी लावावा. पाया क्लासमध्ये होत नाही, कारण तिथला वेग इतरांच्या हिशेबाने ठरलेला असतो. परीक्षा संगणकावर असते, म्हणून सीईटी कक्षाची सराव चाचणी आणि इतर काही सराव परीक्षा पडद्यावरच द्याव्यात. पुस्तकात आकृतीवर पेन्सिल टेकवून विचार करायची सवय पडलेली असते, पडद्यावर ती सोय नसते. आकृत्यांचे प्रश्न त्यामुळेच सुरुवातीला चुकतात.

सराव परीक्षेनंतर पुन्हा तीच तीन अक्षरे लिहावीत. फक्त आता चौथे अक्षर वाढते, ‘वे’, म्हणजे वेळ संपला. दोन-तीन परीक्षांनंतर ‘आ’ कमी होऊन ‘वे’ वाढले असतील तर पाया भरला आहे आणि आता प्रश्न सोडून द्यायला शिकायचे आहे. चुकीला गुण कापले जात नसल्यामुळे शेवटची तीन मिनिटे राखून ठेवून उरलेल्या प्रत्येक प्रश्नावर एक पर्याय निवडावाच.

अरुण शर्मा यांचे पुस्तक मग कधी? त्यातले सराव संच काठिण्याच्या तीन पातळ्यांत विभागलेले आहेत. सीईटीपुरते पाहिले तर अग्रवाल झाल्यावर अंकगणिताच्या प्रकरणांची पहिली पातळी आणि वेळ उरला तर दुसरी, एवढे पुष्कळ आहे. तिसरी पातळी आणि ‘क्वांटम कॅट’ हे कॅट देणाऱ्यांसाठी. कॅटमध्ये पर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुणभार कापला जातो, प्रत्येक विभागाला वेगळी वेळ असते, आणि काही प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तर टंकित करावे लागते. आपल्याला कॅट द्यायची की नाही, हे पहिल्या वर्षी ठरवायची घाई करू नये. सीईटीच्या सराव परीक्षेत गणिताच्या पन्नासपैकी पस्तीस प्रश्न सलग तीन वेळा बरोबर येऊ लागले, की शर्मांच्या पुस्तकातली दुसरी पातळी उघडून पाहावी. त्यात दहापैकी पाच सुटत असतील तर पुढच्या वर्षीच्या कॅटचा विचार करायला हरकत नाही.